जाहिरातीचं शेपूट

निरंजनच्या डोक्यात विचार यायच्या आधी तो हातात यायचा. चाकणच्या ज्या कंपनीत तो प्रेस शॉपला होता, तिथला सुपरवायझर त्याला सुरक्षेच्या फलकासमोर उभं करून म्हणायचा, "मशीनमध्ये हात घालण्यापूर्वी थांबा, असं लिहिलंय बघ. माणसात घालण्यापूर्वी पण थांबत जा की राव." निरंजन हसायचा, पण थांबायचा नाही. चिखलीत तो राहायचा त्या बैठ्या खोल्यांमध्ये त्याच्या मारामाऱ्या लोकांना तोंडपाठ होत्या. एक पाण्याच्या नळावरची, एक गाडी लावण्यावरून, एक गणपतीच्या मांडवातली. आणि प्रत्येकीपुढं शेजाऱ्यांचा एकच शेरा असायचा: मारलं झकास, माणूस चुकला.

त्याच हातांना एक गुण मात्र होता. बैलांचा कासरा त्या हातांत आला की ते शहाणे व्हायचे. खानापूरकडचं पोर, छकडीवर उकिडवं बसून जोडी पळवायला चालायच्या आधीच शिकलं असावं. मोशीच्या कुसुमताईंची वकील आणि भोवरा ही जोडी सुट्टीच्या दिवशी तोच पळवायचा. वकील डावीकडचा, हट्टी, प्रत्येक गोष्टीला हरकत घेणारा, म्हणून ते नाव. कुसुमताईंचे मालक गेल्यावर भावकीनं "बाईनं कशाला शर्यतीचे बैल ठेवायचे" म्हणून बैल मागितले होते. बाईंनी चहा पाजून भावकीला वाटेला लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून बैलांना स्वतः पोहायला नेऊ लागल्या.

मोशीच्या जुन्या लोकांची शर्यत म्हणजे घाट. एकेक गाडा चढावर सुटतो आणि घड्याळ निकाल देतं. हे चाकोरीचं मैदान साताऱ्या-सांगलीकडून कंपन्यांत आलेल्या पोरांनी इकडं रुजवलं. सपाट रान, शेजारी शेजारी सात चाकोऱ्या, सात छकड्या एकदम सुटतात. पुढं पल्ल्याच्या टोकाला चुन्याची रेघ. नियम मोजके: फटका मारायचा नाही, दिवसभर ड्रायव्हर बदलायचा नाही, आणि रेघ ओलांडेपर्यंत आपली चाकोरी सोडायची नाही. सोडली की बाद.

निरंजननं पहिल्या फेरीतले गट बरेच मारले होते, सेमीही खेळला होता. फायनलला मात्र तो आयुष्यात एकदाही सुटला नव्हता. कधी बैल अडला, कधी जू तुटलं, कधी नशीब. आज सेमीत वकील-भोवरा सगळ्यांच्या पुढं गेले आणि त्याला वाटलं, आज आपण फायनलला. छकडी थांबवून तो खाली उतरतोय तोच भोंग्यावरून पुकारा झाला.

"ऐका मंडळी, निकाल ऐका! चाकोरी नंबर चार, मोशीच्या कुसुमताईंची गाडी, रेघेच्या आधी चाकोरी सोडल्यामुळं बाद! फायनलला पास, गणराजभाऊंची गाडी!"

गणराजची गाडी दुसरी आली होती. चिखलीत त्याचं वर्कशॉप, गळ्यात साखळी, मागं दहाबारा पोरं, आणि हरला तरी जिंकल्यासारखं हसायची सवय. आता तर जिंकलाच होता.

"निरंजनराव," तो लांबूनच ओरडला, "बैल तुमचे चांगलेत. फक्त त्यांना रस्ता कोणता ते सांगत चला!"

निरंजन तीन ढांगांत त्याच्यापाशी पोचला. पहिला ठोसा गणराजच्या मागच्या एका पोराला बसला, कारण पोरगं मध्ये आलं. दुसराही त्यालाच. पोरगं धुळीत पडलं, त्याच्या नाकातून धार लागली. मग चौघं निरंजनच्या अंगावर आले. एकानं मागून मान आवळली, दुसऱ्यानं बरगडीत लाथ घातली. निरंजननं मान आवळणाऱ्याच्या हाताला कचकन दात लावले आणि सुटला. एवढ्यात त्याची कॉलर कुणीतरी धरून मागं ओढली. त्या पकडीत बैल आवरायची ताकद होती.

"मेल्या, दम हाय का न्हाई तुला?" कुसुमताई. "आज हातनं पोरं लोळवशील आन् पंच आपल्याला वर्षभर मैदानात पाय ठिवू देणार न्हाईत. त्येच पायजे हाय त्येला."

"ताई, रेघ ओलांडली हो मी! आपल्या चाकोरीतनं ओलांडली! वकील वळला तो पुढं, त्या फ्लेक्सला बुजून!"

"मला ठावं हाय. मी काय आंधळी हाय? पर मला ठावं असून काय उपेग?"

दोघं स्टेजकडं गेले. समितीचे अध्यक्ष अर्जुनराव खुर्चीत बसले होते. साठीचा माणूस, पांढरा शर्ट, आणि दोन्ही बाजूंना सारखंच नाराज ठेवण्यात आयुष्य गेलेलं. समितीचा कॅमेरा होता. पण सेमीच्या वेळी त्याची बॅटरी चार्जिंगला होती. चाकोरी बघायला रेघेवर उभा केलेला माणूस धुळीत डोळे चोळत होता आणि त्यानं जे अर्धवट बघितलं ते पूर्ण सांगितलं होतं.

"कुसुमताई, माझ्या माणसानं सांगितलं ते मी पुकारलं. तुमच्याकडं पुरावा असला तर दाखवा, निकाल फिरवतो. पण फायनलच्या गाड्या सुटायच्या पट्ट्यावर यायच्या आत. नंतर देव आला तरी नाही."

पुरावा म्हणजे कामरान. हे निरंजनच्या आणि ताईंच्या एकदमच ध्यानात आलं.

कामरानचं आणि त्याच्या बहिणीचं, साबियाचं, दापोडीत मोबाइलचं दुकान. शर्यतीच्या दिवशी दोघं टेम्पो घेऊन मैदानात यायचे. साबिया थंड पाणी आणि सरबत विकायची. कामरान रेघेजवळ बसून मोबाइलवर प्रत्येक गाडीचं शूटिंग करायचा आणि तिथल्या तिथं रील बनवून मैदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. गाणं, धूळ, आणि शेवटी रेघेपाशी चाकं हळूहळू फिरताना. बैलवाले त्या रीलवर जीव टाकायचे.

त्यात एकच खोट होती. कामरानचं अ‍ॅप फुकटातलं. व्हिडिओ तयार होऊन बाहेर पडला की अ‍ॅपवाले त्याच्या शेवटाला स्वतःचा तुकडा चिकटवायचे: पांढराशुभ्र पडदा, मधोमध अ‍ॅपचं नाव, आणि टिंग-टिडिंग असा गोड सूर. एरवी सवडीनं काम करताना तो तुकडा टाइमलाइनच्या टोकाला दिसतो, त्यावर बोट ठेवून डिलीट केला की संपलं. पण मैदानात सवड कुठली? कामरान तयार टेम्प्लेटमध्ये शूटिंग टाकायचा, आणि तिथं हे शेपूट एक्स्पोर्ट झाल्यावरच दिसायचं. बैलवाल्यांना ते अजिबात खपायचं नाही. "बैल आमचा, पेंड आमची, आणि शेवटी नाव कुणाचं?" एकानं तर विचारलं होतं की ह्या अ‍ॅपचा मालक कुठल्या गावचा, त्याचे बैल कुठले. म्हणून ग्रुपवर टाकताना कामरान व्हॉट्सअ‍ॅपमधली ती चित्रांची पट्टी उजवीकडून आत ओढायचा, पांढरं सुरू होतं तिथपर्यंत, आणि मग पाठवायचा. दिवसभर हेच. बोटाला इतकी सवय की डोळ्यानं बघायचीही गरज पडायची नाही. आणि चुका तिथंच जन्माला येतात.

निरंजननं ग्रुप उघडला. सेमीची रील आली होती. त्यानं न बघताच फोन अर्जुनरावांच्या हातात दिला. इतका विश्वास त्यानं स्वतःच्या भावावरही टाकला नसता.

स्टेजभोवती गर्दी वाकली. रील सुरू झाली. वकील-भोवरा मुसंडी मारत आले, मागं गणराजची जोडी. मग सगळं हळू झालं. खुर उचलले गेले, धूळ उठली, वकिलाची मान डावीकडं किंचित फिरली, धूळ पांढरी होत गेली, आणि व्हिडिओ संपला. रेघ अजून यायचीच होती.

"परत लावा," निरंजन म्हणाला.

परत लावलं. परत तिथंच संपलं.

"बघा," गणराज हात पसरून म्हणाला, "मान फिरली की! पुढचं दाखवायला कॅमेरावाल्यालाच लाज वाटली."

गर्दी हसली. मैदानातलं हसू म्हणजे साधं हसू नव्हे. ते गावात पोचतं, कंपनीत पोचतं, चहाच्या टपरीवर आपल्या आधी पोचलेलं असतं. कुणीतरी मागून म्हणालं, "कापलंय वाटतं कामरानभाईनं. गणराजभाऊंनी सरबत पाजलं असेल."

हे विनोदानं म्हटलं होतं. निरंजनला ते कागदावर सहीशिक्क्यासकट मिळाल्यासारखं वाटलं. कुसुमताई "आरं थांब" म्हणेपर्यंत तो गर्दी फाडून टेम्पोकडं निघाला होता.

कामरान टेम्पोच्या मागं उलट्या क्रेटवर बसून पुढची रील बनवत होता. त्यानं वर बघितलं आणि हसला. "काय भावा, जबरा पळवलीस गा..."

बुक्की तोंडावर बसली. क्रेट उडाला, कामरान पाठीवर पडला. निरंजननं त्याला शर्टाला धरून उभा केला.

"किती घेतलेस? सांग! शेवट कापायचं काय घेतलंस गणराजकडनं?"

"काय... कुठला शेवट..."

दुसरी बुक्की पोटात. कामरान दुमडला, ओकारी काढायला लागला. निरंजननं त्याला टेम्पोच्या फाळक्यावर आदळलं. फाळक्याच्या साखळ्या खणाणल्या. कामरानच्या खालच्या ओठातून रक्त हनुवटीवर आलं, हनुवटीवरून पांढऱ्या टी-शर्टवर. त्यानं हात वर केले ते मारायला नाही, तोंड झाकायला. ते हात निरंजननं बाजूला झटकले आणि तिसरी बुक्की अंगातला सगळा जोर लावून सोडली. कामरानची मान आपोआप बाजूला गेली. मूठ लोखंडी फाळक्यावर बसली. कट् असा आवाज झाला. निरंजनला वाटलं फाळक्याचा असेल.

मग त्याला जमिनीवर पडलेला मोबाइल दिसला. पडद्यावर अजून बैलच पळत होते. त्यानं टाच उचलली आणि मोबाइलवर घातली. एकदा, दोनदा. काच कचकचली. तिसऱ्यांदा पाय उचलला तेव्हा त्याच्या पाठीत काहीतरी प्रचंड बसलं आणि तो गुडघ्यावर आला. साबियानं बर्फाचा टोचा उलटा धरून त्याच्या लाकडी मुठीनं मारलं होतं. टोक वापरलं नाही, एवढं तिला त्या रागातही सुचलं.

"जनावर आहेस का रे तू?" ती ओरडली. "बैल बरे तुझे! कुणाला मारतोस? का मारतोस?"

"यानं शेवट कापला! मी रेघ ओलांडलेली कापली!"

"अरे कापतोच तो! रोज कापतो! तुम्हालाच ते अ‍ॅपचं पांढरं नको असतं ना? 'कामरान, ते शेपूट काढ, कामरान, ते शेपूट काढ.' काढलं! उन्हात त्या एवढ्याशा पट्टीत अ‍ॅपचा पडदा पण पांढरा दिसतो आणि तुमची धूळ पण पांढरीच दिसते! पांढरं दिसलं तिथपर्यंत ओढलं असेल त्यानं. त्यात गणराज कुठून आला?"

निरंजन गुडघ्यावरच राहिला. विचार त्याच्या हातातून डोक्याकडं निघाला होता आणि वाट लांबची होती.

"म्हणजे... ते गेलं?"

"जातंय कुठं?" साबिया आता ओरडत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं. "पाठवताना कापलं की पाठवलेलंच कापलं जातं. गॅलरीतला अख्खा तसाच राहतो. रेघेसकट. शेपटासकट. ह्याच मोबाइलमध्ये होता." तिनं त्याच्या टाचेखाली बोट दाखवलं. "ज्यावर तू नाचलास."

मोशी-चाकण पट्ट्यात त्या दिवशी निरंजनइतका मूर्ख माणूस दुसरा नसावा, आणि त्या पट्ट्यात माणसं पुष्कळ आहेत. त्यानं पाय असा उचलला जसा झोपलेल्या पोराच्या अंगावरून उचलावा.

कुसुमताई धापा टाकत पोचल्या. त्यांनी कामरानकडं बघितलं, मोबाइलकडं बघितलं, काय झालं ते विचारलं नाही. निरंजनच्या कानाखाली अशी ओढली की गर्दीतले दोघंतिघं आपापला गाल चाचपू लागले. मग त्या कामरानपाशी उकिडव्या बसल्या आणि पदरानं त्याचा ओठ पुसला.

"लेकरा, दात हाईत का समदे?"

कामराननं जिभेनं चाचपलं. "एक हलतोय, ताई."

"हलूं दे. त्येचे समदे मी हलवते नंतर. आता मला सांग, त्यो मोबाइल जित्ता हाय का?"

साबियानं मोबाइल उचलून बाजूचं बटण दाबलं. वरचा अर्धा पडदा काळा, त्यात हिरव्या रेघा. खालचा अर्धा उजळला.

"जिवंत आहे. पण याच्या अंगठ्यानं उघडतो."

भोंगा वाजला. "फायनलच्या गाड्या तयार व्हा! गाड्या जुंपायला घ्या मंडळी!"

निरंजन कामरानसमोर वाकला. "भावा, उघड. पाया पडतो. एकदा उघड."

कामरान त्याच्याकडं बघत राहिला. एक डोळा सुजून बारीक झाला होता, पण उरलेल्या डोळ्यात हिशोब पक्का होता.

"आता भावा झालो होय? मी नाही उघडत."

"कामरान..."

"माझी आई शपथ, नाही उघडत. तू मला विचारलं असतंस तर एका मिनिटात पाठवला असता. तोंडानं विचारायचं ना. तोंड कशाला दिलंय?"

कुसुमताई मधे बोलल्या नाहीत. जिथं आपली बाजू लंगडी तिथं गप्प बसावं, हे त्यांना भावकीनं शिकवलं होतं.

"काय करू सांग," निरंजन म्हणाला. "म्हणशील ते करतो."

"हात मागं घे." कामरान टेम्पोला टेकून उभा राहिला. "मागं. एकमेकांत अडकव. आता आज दिवस मावळेपर्यंत कुणावर उचलायचा नाही. कुणी काही केलं तरी. उचललास की हा मोबाइल नाल्यात. कबूल?"

"कबूल."

निरंजननं हात पाठीमागं अडकवले. उजव्या हाताला कसलीतरी ठणक लागली होती, पण तिकडं लक्ष द्यायला वेळ नव्हता.

कामराननं अंगठा लावला. उघडेना. रक्त लागलं होतं. टी-शर्टला पुसला, पुन्हा लावला. उघडेना. साबियानं सरबताच्या फडक्यानं अंगठा घासून कोरडा केला. तिसऱ्यांदा उघडला.

गॅलरी खालच्या अर्ध्यात होती, नशीब. व्हिडिओ सापडला. शेवटी पांढरा चौकोन, म्हणजे शेपूट शाबूत. साबियानं ग्रुप निवडला. वर चित्रांची पट्टी आली असणार, पण वरचा भाग काळाच होता. ओढायचं म्हटलं तरी ओढता आलं नसतं.

"या खेपेला शेपटाला हात लावू नकोस म्हणजे झालं," ती भावाला म्हणाली आणि पाठवलं.

गोल फिरायला लागला. हजारो माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन, सगळ्यांची रेंज एकाच टॉवरच्या मानेवर. गोल फिरत राहिला.

आणि गणराजची पोरं आली. बातमी मैदानात चालत नाही, पळते. पुढं तोच होता, ज्याच्या नाकातून निरंजननं रक्त काढलं होतं. नाकात कापूस, हातात छकडीचा दांडका.

"तो मोबाइल इकडं दे," तो साबियाला म्हणाला.

निरंजन मधे आला. साबिया आणि कामरान टेम्पोच्या आणि त्याच्या पाठीच्या मधे राहिले.

"हट."

"नाही हटत."

दांडका मांडीवर बसला. निरंजनचा पाय थरथरला, पण तो उभा राहिला. हात मागं. दुसरा खांद्यावर. कुणीतरी पोटात लाथ घातली, त्याच्या तोंडातून हवा आणि थुंकी एकदम निघाली. एका पोरानं त्याचे केस धरून तोंड खाली दाबलं आणि गुडघा वर आणला. भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरलं. आयुष्यात पहिल्यांदा तो मार खात होता आणि मोजत होता, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"मार की रे!" नाकात कापूसवाला चिडून ओरडला. न मारणाऱ्याला मारताना माणूस लवकर थकतो आणि त्याहून लवकर लाजतो. "मघाशी लई शूर होतास! मार!"

"झालं का गं?" निरंजन मागं न बघता विचारत होता. "साबिया, झालं का?"

"फिरतंय अजून."

"फिरू दे."

दांडका परत उठला आणि कुसुमताईंनी तो वरच्यावर धरला. सोडला नाही. "बाईमाणसाच्या हातनं हिसकून घेतोस का, का हिकडंच सोडतोस? तुझी आई वळखते मी. शालनबाई. फोन लावू?"

पोरानं दांडका सोडला. पण दुसरे दोघं निरंजनला खाली पाडून तुडवत होते. तो टेम्पोच्या चाकाला पाठ लावून गोळा झाला होता, हात मागंच, स्वतःच्या अंगाखाली दाबलेले.

"गेलं!" साबिया किंचाळली.

आधी काहीच झालं नाही. मग शेजारच्या माणसाच्या खिशात बीप वाजलं, मग त्याच्या शेजारच्याच्या. लोक फोन काढून बघायला लागले. तुडवणाऱ्यांपैकी एकानं पाय थांबवून स्वतःचाही फोन काढला. कुतूहल काय, शत्रूलाही सुटत नाही. पडद्यापडद्यावर वकील-भोवरा पळाले. खुर उचलले गेले, धूळ उठली, पांढरी झाली. आणि मग त्या धुळीतून छकडीचं चाक बाहेर आलं, हळूहळू फिरत, चार नंबरच्या चाकोरीत; चुन्याची रेघ त्याच्याखालून मागं गेली. तेव्हा कुठं वकिलानं मान पुरती फिरवली आणि गाडी डावीकडं गेली. मागोमाग सगळ्या मैदानभर, कुणाचं आधी, कुणाचं नंतर, वाजत गेलं: टिंग-टिडिंग. टिंग-टिडिंग. टिंग-टिडिंग.

अर्जुनरावांनी स्टेजवर तीनदा बघितला. गणराज त्यांच्या कानाशी होता. "अध्यक्ष, मोबाइलवर काय वाट्टेल ते बनवता येतं. हा बी बनवलेला असंल."

"मघाशी याच माणसाचा व्हिडिओ तुम्हाला चालला की, गणराजभाऊ."

"तो..."

"मघाचा मधेच तुटला होता. ह्याला शेवटी जाहिरात लागली. जाहिरात लागली म्हणजे पिक्चर पूर्ण झाला." हा काही कायदा नव्हे. पण अर्जुनराव आयुष्यभर दूरदर्शन बघत आलेले, आणि गर्दीलाही ते एकदम पटलं. त्यांनी माइक ओढला. "निकाल फिरवलाय! चाकोरी चार, कुसुमताई, फायनलला पास! गाडी आणा लवकर. बाकीच्या पट्ट्याकडं निघाल्यात."

कुसुमताईंनी निरंजनला उठवलं. त्याच्या तोंडावर पाण्याची अख्खी बाटली ओतली, भुवईवर फडकं बांधलं. "चालता येतंय?"

"येतंय."

"ह्या मैदानात मार खाऊन फायनलला जानारा तूच पैला. चल."

तो लंगडत गेला. वकील-भोवरा जुंपून तयार होते, गर्दीच्या आवाजानं अंग फुलवून. पट्ट्यावर सहा गाड्या रांगेत लागलेल्या, त्याच्यासाठी एक चाकोरी मोकळी. निरंजन छकडीवर चढला, उकिडवा बसला. डाव्या हातात एक कासरा घेतला. उजव्या हातात दुसरा घेतला.

कासरा खाली पडला.

त्यानं उचलला. पुन्हा पडला. त्यानं पहिल्यांदा आपल्या उजव्या हाताकडं नीट बघितलं. हात मनगटापासून पुढं फुगून गोल झाला होता, करंगळीकडचं हाड जिथं असायला हवं तिथून आत बसलं होतं. बोटं मिटायला सांगितली तर अंगठा आणि त्याच्या शेजारचं तेवढं हललं.

"काय झालं?" झेंडेवाला ओरडला.

निरंजननं कासरा मनगटाला गुंडाळायला घेतला. दातांनी गाठ ओढली. वकिलानं मान हिसडली तेवढ्यानंच त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की शेजारच्या गाडीचे बैल बुजले.

कुसुमताई बैलांपुढं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हात बघितला. मग टेम्पोकडं बघितलं, जिथं फाळक्यावर पडलेला पोचा अजून दिसत होता.

"ताई, मी डाव्या हातानं..."

"वकील तुला एका हातानं आवरतोय? त्यो भोवऱ्याला घिऊन शेजारच्या गाडीत शिरंल. मानसं मरतील, बैल मरंल. उतर."

"ताई, फायनल आहे."

"मला म्हाईत न्हाई व्हय? उतर."

"दुसरा कुणीतरी बसवा मग. बैल तरी पळू देत."

"नियम आहे, कुसुमताई," अर्जुनराव स्टेजवरून म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज एका बाजूचा वाटला. "ड्रायव्हर बदलता येत नाही. मला वाईट वाटतं. तुमच्या जागी आता सेमीत दुसरी आलेली गणराजभाऊंची गाडी."

गणराज आपल्या ड्रायव्हरच्या शेजारी उभा होता. तो हसला नाही. त्यानं फक्त निरंजनच्या हाताकडं बघितलं, मग दुसरीकडं.

निरंजन उतरला. कुसुमताईंनी दोन्ही बैलांच्या वेसणी धरल्या आणि गाडी चाकोरीतून बाजूला काढली. झेंडा पडला. गणराजची जुंपून ठेवलेली गाडी मोकळ्या चाकोरीत लागलेली, सात गाड्या सुटल्या. जमीन हादरली, मैदान ओरडलं. वकील आणि भोवरा त्या आवाजाकडं झेपावू लागले, मागच्या पायांनी माती उकरत, आणि कुसुमताई टाचा रोवून त्यांना धरून राहिल्या, तोंडानं काहीतरी हळू हळू सांगत, जे गर्दीत कुणालाच ऐकू आलं नाही.

कामरान बहिणीचा मोबाइल घेऊन रेघेकडं पळाला होता. ओठ सुजलेला, एक डोळा बंद, दुसरा पडद्याला लावलेला. फायनलचं शूटिंग चुकवणं त्याला परवडणारं नव्हतं.

साबियानं निरंजनला टेम्पोशी आणलं, क्रेटवर बसवलं आणि त्याचा उजवा हात धरून सरबताच्या पेटीतल्या बर्फात कोपरापर्यंत खुपसला. तो कळवळला.

"गप बस. भावाच्या तोंडासाठी फोडला होता बर्फ. त्याचा लावून झालाय, उरलाय तो तुझा."

पलीकडं गाड्यांनी रेघ ओलांडली. पुकारणारा गणराजचं नाव घेत होता.

"कुठल्या दवाखान्यात जायचं ते कामरान आला की ठरवू," साबिया म्हणाली. "त्याचा दात आधी."

"व्हय," निरंजन म्हणाला. "त्याचा आधी."